माल माघारी बोलावताना
(कोल्हापूर येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आज भावाबद्दल बोलणार नाही. कापसाबद्दलही नाही. गेल्या काही वर्षांत आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शेतकरी उत्पादक कंपन्या काढल्या. कुणी ज्वारीचे पीठ पाकिटात भरते, कुणी लाह्या करते, कुणी शेंगदाण्याची चटणी. माल विकायचा कसा याचे शिक्षण द्यायला गावोगाव माणसे येतात. विकलेला माल परत मागायचा कसा, हे शिकवायला कुणी येत नाही. ते मी एकदा फार वाईट पद्धतीने शिकलो. त्याची हकिगत सांगतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या टापूत एक छोटी कंपनी आहे. नाव सांगणार नाही, कारण ती माझ्या मित्रांची आहे. सभासद सगळे शेतकरी, चटणी करणाऱ्या बाया त्यांच्याच घरच्या. दोनशे ग्रॅमचे पाकीट, किंमत 60 रुपये. एका मोठ्या खरेदीदाराने माल घेण्याआधी पाकीट प्रयोगशाळेत पाठवले आणि अहवाल आला: अफ्लाटॉक्सिन, किलोला 38 मायक्रोग्रॅम. थेट खायच्या शेंगदाण्यासाठी आपल्याकडची मर्यादा किलोला 10 आहे. म्हणजे एक क्विंटल मालात एक मिलिग्रॅम. चिमटीतही येणार नाही एवढी मात्रा, आणि यांच्या मालात तिच्या जवळजवळ चौपट.

हे विष येते कुठून ते आपल्याला कळायला हवे, कारण ते आपल्याच रानातून येते. ॲस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी जमिनीत असतेच. शेंगा भरताना पावसाने ताण दिला, टरफल तडकले किंवा किडीने भोक पाडले की ती आत शिरते. पुढे शेंगा नीट न वाळवता पोत्यात भरल्या आणि पोती ओलसर भिंतीला टेकवून ठेवली की ती वाढते. बुरशी दिसते, पण तिचे विष दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. दाणा भाजला तर थोडे कमी होते, जात नाही. सुरकुतलेला, काळपट, फुटका दाणा निवडून काढला तर बरेचसे विष त्याच्याबरोबर जाते. पण दिसायला चांगल्या दाण्यातही ते असू शकते. आणखी एक गोम अशी की हजारो दाण्यांत एखाद्याच दाण्यात ते भरपूर असते. म्हणून एका कोपऱ्यातून मूठभर शेंगदाणे तपासून 'पास' आले तर त्यावर विश्वास ठेवू नये. नमुना मोठा हवा, पोत्यापोत्यांतून घेतलेला हवा, दळून एकजीव केलेला हवा.

हे नुसते पुस्तकी नाही. 1960 मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की कोंबड्या मेल्या, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत हे विष पहिल्यांदा सापडले. 1974 मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी भागात भिजलेला मका खाऊन शंभरहून अधिक माणसे दगावली. तिथली मात्रा आपल्या या चटणीपेक्षा फार मोठी होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

तर अहवाल आला आणि रात्री कंपनीची बैठक बसली. मलाही बोलावले, कृषी पदवीधर म्हणून. खजिनदार म्हणाले, "पावसाचे दिवस आहेत, चटणी खपतेय. आठ दिवसांत दुकानातला माल आपोआप संपेल. मग बोलायचेच कशाला?" दुसरे म्हणाले, "शेंगदाणा आपला नव्हताच, बाजारातून घेतलेला. त्या व्यापाऱ्याचे नाव सांगून टाकू." दोन्ही माणसे वाईट नव्हती. मालाची घाऊक किंमत एक लाख रुपये होती, आणि त्या कंपनीकडे तेवढे रोख पडून नव्हते.

शेवटी माल परत मागवायचा असे ठरले. दुकानदारांच्या आणि गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ टाकायचा ठरला, आणि मजकूर लिहायचे काम माझ्याकडे आले. मी काय लिहिले असेल? "काही ग्राहकांना गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. गुणवत्तेबाबत आम्ही सदैव कटिबद्ध आहोत. खबरदारीचा उपाय म्हणून काही पाकिटे परत घेत आहोत." मला तो मजकूर फार सभ्य वाटला होता. कंपनीच्या अध्यक्षबाईंनी वाचला आणि विचारले, "साहेब, माझ्या बहिणीच्या घरी दोन पाकिटं आहेत. हे ऐकून तिनं ती खायची का टाकायची?"

त्या प्रश्नाला माझ्या मजकुरात उत्तर नव्हते. विषाचे नाव नव्हते, कोणते पाकीट ते नव्हते, काय करायचे ते नव्हते. आणि "झाली असल्यास" हे शब्द तर निव्वळ पळवाट होती. आपल्या मालात मर्यादेच्या चौपट विष निघाले होते. त्यात 'असल्यास' कुठून आले?

मोठ्या कंपन्याही इथेच घसरतात. 2003 च्या ऑक्टोबरात मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या निघाल्या, आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने माल ताब्यात घेतला. कंपनीचे पहिले म्हणणे असे की दुकानदारांनी माल नीट साठवला नाही. असेलही. पण मग दुकानातली अळी आत शिरू शकेल असे वेष्टण कुणी दिले? हा प्रश्न प्रशासनाने विचारला आणि लोकांनीही विचारला. पुढे 2004 च्या सुरुवातीला कंपनीने वेष्टण बदलून घट्ट बंद केले, अमिताभ बच्चन यांना घेऊन जाहिराती केल्या. त्यांना ते परवडले. आपल्याकडे वेष्टणाला पैसे नाहीत आणि अमिताभही नाही. आपले पहिले वाक्यच बरोबर हवे.

दुसरे उदाहरण कॅनडातले. मेपल लीफ फूड्स ही मांसाचे पदार्थ करणारी मोठी कंपनी. 2008 च्या ऑगस्टमध्ये तिच्या टोरोंटोच्या कारखान्यातल्या मालातून लिस्टेरिया नावाच्या जंतूची लागण झाली. वीसहून अधिक माणसे मेली, बरीचशी म्हातारी. कंपनीचे प्रमुख मायकेल मॅककेन स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, आजारी पडलेल्यांची आणि मेलेल्यांच्या घरच्यांची सरळ माफी मागितली. पुढे त्यांनी सांगितले की दोष सरकारी तपासणी यंत्रणेचा नाही, आमचा आहे. वकील आणि हिशेबनीस यांचा सल्ला या प्रसंगी आपण ऐकणार नाही, असेही ते म्हणाले. व्यवस्थापनाचे मास्तर हा व्हिडिओ अजून शिकवतात. पण त्याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. 2009 मधल्या चौकशीत दिसले की त्या कारखान्याच्या स्वतःच्या तपासण्यांत लिस्टेरिया आधीपासून पुन्हा पुन्हा सापडत होता, आणि त्या निकालांची कुणी एकत्र संगती लावली नव्हती. माफी चांगली होती; वहीकडे मात्र वेळेवर कुणी पाहिले नव्हते.

आमचीही वहीच नडली. अहवाल बॅच 14 चा होता, 1200 पाकिटे. तेवढीच परत मागवायची असे मी धरून चाललो होतो. अध्यक्षबाईंनी विचारले, "14 ला कुठली पोती वापरली?" वही काढली. वहीत तारीख होती, शेंगदाण्याचे वजन होते, मिरची-लसणाचे वजन होते. पोत्याचा नंबर नव्हता. बाजारातून आणलेली काही पोती भिंतीकडेला होती, त्यातले एक अर्धे वापरून उरले होते ते दोन दिवसांनी बॅच 15 ला गेले, असे एका बाईला आठवत होते. नक्की सांगता येईना. मग 15 ची 900 पाकिटेही परत मागवणे भाग पडले. एकूण 2100. पोत्यावर खडूने आकडा टाकून वहीत उतरवला असता तर कदाचित 1200 वर भागले असते. बॅच 13 मात्र वाचली, कारण ती घरच्या शेंगांची होती आणि तशी नोंद सापडली.

सकाळी पहिले काम म्हणजे गोदामातली पाकिटे वेगळ्या खोलीत टाकून कुलूप. दुसरे, दुकानदारांना फोन. तिसरे, अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवणे. 2017 च्या नियमांप्रमाणे माल परत मागवायला सुरुवात केली की 24 तासांत प्राधिकरणाला कळवावे लागते. पुष्कळ जण इथे घाबरतात: आपण होऊन कशाला सांगायचे? मी म्हणतो, ते आज ना उद्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना कळणारच आहे. आणि मग व्हिडिओ. तो असा झाला. मजकूर अध्यक्षबाईंचा, माझ्याकडे फक्त शास्त्राचा भाग. त्यांच्या परवानगीने देतो. तारखा, नंबर गाळले आहेत.

(अध्यक्षबाई कारखान्याच्या दारात उभ्या. मागे फलक नाही, संगीत नाही. हातात पाकीट. तारीख आणि फोन नंबर पडद्यावर शेवटपर्यंत.)

"नमस्कार. मी या कंपनीची अध्यक्ष. आज तारीख अमुक. आमच्या शेंगदाणा चटणीच्या बॅच 14 आणि 15 ची पाकिटं खाऊ नका. हा नंबर पाकिटाच्या मागे, खालच्या बाजूला छापलाय, इथं. (बोट ठेवून दाखवतात.) 14 किंवा 15 असेल तर ते पाकीट आमचं, आणि ते आम्हाला परत पाहिजे.

"बॅच 14 मध्ये अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष मर्यादेच्या जवळजवळ चौपट निघालं. 15 तपासलेली नाही, पण तोच शेंगदाणा तिच्यात गेला असण्याचा संभव आहे, म्हणून तीही परत घेतोय. हे विष एकदा थोडं पोटात गेलं म्हणून लगेच त्रास होतो असं नाही. पण वरचेवर जात राहिलं तर काळजाला, म्हणजे यकृताला, इजा होते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. ज्यांना कावीळ किंवा यकृताचा आजार आहे त्यांनी खाल्ली असेल तर डॉक्टरांना सांगा, पाकीट दाखवा.

"चटणी परत भाजू नका, उन्हात ठेवू नका, त्यानं विष जात नाही. गुराला, कोंबड्यांना घालू नका. गाईच्या पोटात गेलं तर दुधात उतरतं.

"फोडलेलं असो, अर्धं असो, ज्या दुकानातून घेतलं तिथं द्या. 60 रुपये रोख मिळतील. बिल लागणार नाही. दुकानदारांनो, ते पैसे आणि तुमच्याकडच्या मालाचे पैसे आम्ही 15 दिवसांत देऊ. दुकान लांब असेल तर या नंबरवर फोन करा, सकाळी आठ ते रात्री नऊ. आमच्या दोघी बसल्या आहेत.

"चूक आमची आहे. शेंगदाणा तपासून घेतला नाही, पोती ओलीला ठेवली, आणि कुठलं पोतं कुठं गेलं ते लिहिलं नाही. ज्यांनी विश्वासानं ही चटणी लेकरांच्या ताटात वाढली, त्यांची मी माफी मागते. चटणी करणं आजपासून बंद आहे. किती पाकिटं परत आली, किती नाही, ते दहा दिवसांनी मी इथंच उभी राहून सांगीन."

एवढेच. दोन मिनिटांच्या आत बसते. यात माफी शेवटाकडे आहे, ते मुद्दाम. माणूस पहिली वीस सेकंद बघतो आणि पुढे ढकलतो. त्या वीस सेकंदांत "खाऊ नका" आणि नंबर गेला पाहिजे. तारीख तोंडाने बोलली, कारण व्हॉट्सॲपवर व्हिडिओ दोन वर्षे फिरत राहतो आणि तारीख नसली तर पुढच्या चांगल्या मालालाही तोच खातो. नंबर पडद्यावर ठेवला, कारण निम्मे लोक आवाज बंद करून बघतात.

आमचा वाद झाला तो दोन वाक्यांवर. मला "घाबरण्याचे कारण नाही" असे घालायचे होते. बाई म्हणाल्या, "ते तुम्ही कसं ठरवणार?" बरोबर होते. काय होते आणि काय होत नाही ते सांगितले की माणूस आपले आपण ठरवतो. दुसरे, खजिनदारांना "असे पुन्हा कधीही होणार नाही" हवे होते. शेंगदाणा रानात पिकतो, दुष्काळ आपल्या हातात नाही, हे विष शून्यावर आणता येत नाही. मर्यादेखाली ठेवता येते. खोटे वचन देऊन माफी मागायची असेल तर न मागितलेली बरी. व्यापाऱ्याचे नावही घेतले नाही. त्याच्याशी भांडण आहे ते आपले; पाकिटावर छाप आपली होती. आपण कंपन्यांना हाच जाब विचारतो ना, की बियाणे उगवले नाही तर दुकानदाराकडे बोट दाखवू नका?

फोनवरच्या दोघींना एक वही दिली होती. गाव, बॅच नंबर, किती पाकिटे, किती खाल्ले, पैसे मिळाले का. शिव्या देणाऱ्याशी वाद घालायचा नाही, डॉक्टरकीचा सल्ला द्यायचा नाही. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त विचारणा आली ती बॅच 12, 13 बद्दल. म्हणून संध्याकाळी एक वाक्याचा मजकूर पाठवला की 13 घरच्या शेंगांची आहे, तरी तिचा नमुना तपासायला दिला आहे, निकाल येईपर्यंत न खाणाऱ्यालाही पैसे देऊ. ते आधीच व्हिडिओत घालायला हवे होते. ती चूक माझी. निकाल नंतर मर्यादेच्या आत आला.

दहा दिवसांनी बाई पुन्हा त्याच दारात उभ्या राहिल्या. 2100 पैकी 640 पाकिटे गोदामातच होती. दुकानांत 900 होती, त्यातली 812 परत आली. 88 फोन पोचण्याआधी विकली गेली. घराघरांत गेलेली ही 88 आणि आधीची 560 मिळून 648, त्यातली 143 परत आली. 505 पाकिटांचा पत्ता लागला नाही. हा आकडा सांगू नये असे काहींचे मत होते. बाईंनी सांगितला, आणि म्हणाल्या, ती बहुतेक खाल्ली गेली असावीत, पण कुणाच्या डब्यात असतील तर अजूनही द्या. परत आलेला सगळा माल अधिकाऱ्यांना कळवून, पाकिटे मोजून, पंचनामा करून नष्ट केला. हे शेवटचे महत्त्वाचे, कारण ढिगात ठेवलेली चटणी कुणीतरी पेंडीत मिसळून विकतोच.

आणि इथे कापूसवाल्यांनी कान द्यावा. हीच बुरशी सरकीवरही येते. भिजलेल्या सरकीची पेंड गाईला घातली की विष दुधात येते. त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे शेंगदाण्याच्या वीसपट कडक, कारण दूध लहान पोरे पितात. तुमच्यापैकी जे पेंड पाकिटात किंवा पोत्यात भरून विकतात त्यांनाही उद्या हाच व्हिडिओ करावा लागू शकतो. ज्वारी काळी पडली की आपल्याला डोळ्यांनी दिसते, पेंडीचे तसे नाही.

त्या कंपनीने चार महिने चटणी केली नाही. सभासदांनी वर्गणी काढून दुकानदारांचे पैसे दिले, पंधराव्या दिवशी नाही, एकविसाव्या दिवशी. उशीर होणार हे बाराव्या दिवशीच फोन करून सांगितले. आता पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब असतात. शेंगदाणा विकत घेतला तर आधी नमुना जातो, निकालाशिवाय पोते फोडत नाहीत. आणि प्रत्येक पोत्यावर खडूने नंबर असतो. परवा गेलो तेव्हा वही बघितली. बॅच 61, पोती 7, 8 आणि 11. मी विचारले 9 आणि 10 कुठे गेली. बाईंनी पान उलटून दाखवले.